पॅथॉलॉजिस्टला काहीही कळू देऊ नका

गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीसाठी फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडला, की डॉक्टर, तुमचं काम संपलं. राहिला फॉर्म. त्यावर ‘क्लिनिकल हिस्टरी’ नावाचा लांबरुंद रकाना दिसेल, तिथे ‘रक्तस्राव’ एवढंच लिहा. फारच उदार वाटलं तर पुढे एक प्रश्नचिन्ह टाका.

शेवटची पाळी कधी आली, हे तर चुकूनही लिहू नका. पाळीनंतर या अस्तराच्या ग्रंथी आधी वाढतात आणि पुढच्या पंधरवड्यात स्रवू लागतात. दहाव्या दिवशी वाढत्या ग्रंथी दिसल्या तर त्यात नवल काहीच नाही. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईत त्याच दिसल्या, तर इस्ट्रोजेनचा परिणाम येतोय कुठून ते शोधावं लागतं. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू आहे? बीजकोशात गाठ आहे? काचपट्टीवर दोघी सारख्याच दिसतात. ओळखा पाहू!

आणि हार्मोनच्या गोळ्यांबद्दल मौन पाळा. माझ्याकडे एक फॉर्म आला होता: वय ३४, ‘रक्तस्राव ?’. बाकी सगळं कोरं. सूक्ष्मदर्शकाखाली बघतो तर स्ट्रोमाच्या, म्हणजे ग्रंथींमधल्या आधार-ऊतीच्या, पेशी टम्म फुगलेल्या, फिकट गुलाबी, फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी. डेसिड्युआ. गरोदरपणी होतो तसा. पण वारेचे अंकुर, म्हणजे व्हिलाय, एकही नाहीत. मग गर्भ नळीत तर नाही ना? नळी फुटली तर बाईच्या जिवाशी खेळ. ग्रंथी बारीक, सुकलेल्या होत्या, त्यामुळे गोळ्यांचा संशय मला आलाच होता. पण संशयावर भिस्त ठेवून नळीचा विचार सोडता येतो होय?

फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “गरोदर कुठली सर, टेस्ट निगेटिव्ह आहे. रक्त थांबत नव्हतं म्हणून तीन आठवडे नॉरएथिस्टेरॉन चालू आहे ना!”

चालू आहे ना. जणू ते बाटलीवरच कोरलेलं होतं.

यातली खरी गंमत पुढे आहे. याच गोळ्या अस्तराची वाढ दाबतात. आधी हायपरप्लाझिया, म्हणजे अस्तराची अवाजवी वाढ, असलाच, तरी गोळ्यांच्या भरात घेतलेल्या तुकड्यात तो लपून बसू शकतो. गोळ्या ठाऊक असतील, तर पॅथॉलॉजिस्ट लिहितो की हा गोळ्यांतल्या प्रोजेस्टिनचा परिणाम आहे, मूळ आजार यावरून सांगता येणार नाही. तेव्हा गोळीचं नाव, डोस, कधीपासून चालू, हे तीन तपशील दडवले की अहवाल कसा गुळगुळीत येईल, बघाच!

एवढं करूनही अहवालाखाली ‘क्लिनिकल माहितीशी पडताळून पाहावे’ असं आलं, तर चिडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. “यांना नक्की काही सांगताच येत नाही,” असं राउंडवर मोठ्याने म्हणा.

आणि हो, फॉर्मवर तुमच्या फोन नंबरचाही रकाना असतो. तोही कोराच सोडा. मी तरी कुठे कुठे फोन करू?