‘मूल्यमापन करा’ म्हणे, आणि उत्तरसूचीत पाच मुद्दे!

शुक्रवारी तपासलेल्या पेपरांचं मॉडरेशन करून आले तेव्हापासून डोकं फिरलंय, ट्रान्स हार्बरला उभं राहून घरी येईपर्यंत तेच चालू होतं मनात, म्हणून आता लिहूनच टाकते.

प्रश्न असा होता, दहा मार्कांचा: ‘नवी मुंबईच्या स्थापनेमागील उद्देशांचे मूल्यमापन करा.’ चांगला प्रश्न आहे हो, आमची पोरं वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीची, त्यांच्या दारातला विषय. पण उत्तरसूची उघडली तर काय, पाच मुद्दे, प्रत्येकी दोन मार्क! 1970 ला सिडको, ठाणे-रायगडची 95 गावं, नोडची रचना, मुंबईची गर्दी, परवडणारी घरं. यात मूल्यमापन कुठाय? ही तर यादी झाली, फार तर वर्णन.

आणि व्हायचं तेच झालं. एका मुलाने नोट्समधलं जसंच्या तसं उतरवलं, त्याला आठ. दुसऱ्या मुलीने पहिल्याच ओळीत लिहिलं की मुंबईवरचा भार कमी करणं हा मुख्य उद्देश, तर मी त्याच मापाने मोजते. मग लिहिलं की घाऊक बाजार तुर्भ्याला आला हे यश, पण मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिलं, तिकडे नरिमन पॉइंटला ऑफिसं वाढतच गेली, आणि लोकल वाशीपर्यंत यायला 1992 उजाडलं, म्हणून उद्देश अर्धाच साधला. तिला चार! शेरा काय तर ‘मुद्दे कमी’. अहो, अख्ख्या गठ्ठ्यात प्रश्नाचं उत्तर तेवढ्या एकाच पोरीने दिलं होतं!

मी म्हटलं सर, हे बरोबर नाही, तर म्हणाले, “मॅडम, पोरं क्रियापद कुठे वाचतात, विषय बघतात आणि सुटतात.” नाहीच वाचणार ना! आपणच तीन वर्षं शिकवलंय त्यांना की वर्णन करा, स्पष्ट करा, विशद करा, विवेचन करा, काहीही लिहिलेलं असो, उत्तर तेच पाच मुद्दे. विशद म्हणजे नक्की काय हे स्टाफरूममध्ये चौघांना विचारा, चार उत्तरं मिळतील. वर इंग्रजीत ‘डिस्कस’ आणि खाली मराठीत ‘वर्णन करा’, म्हणजे एकाच हॉलमध्ये दोन मीडियमची पोरं दोन वेगळे पेपर सोडवतायत. आणि हे सगळं करून बाजूच्या बीएलच्या, म्हणजे ब्लूमच्या पातळीच्या, रकान्यात ऐटीत ‘मूल्यमापन’ पातळी टाकायची, कारण फाइलीत ते दिसलं पाहिजे.

वर्गात मी एकदा हाच विषय तीन क्रियापदांनी फळ्यावर घेतला, वीस मिनिटं लागली फक्त. वर्णन करा म्हणजे काय आहे ते सांग: खाडीपलीकडे शहर वसवलं, वेगवेगळे नोड, जमीन संपादन केली, बस. का झालं ते इथे कोणी विचारलेलं नाही. स्पष्ट करा म्हटलं की ‘कारण’ आणि ‘त्यामुळे’ हे शब्द यायलाच हवेत, मुंबई बेटाला पसरायला जागा नव्हती, त्यामुळे नोकऱ्या खाडीपलीकडे न्यायचं ठरलं, एक कडी दुसऱ्या कडीत अडकली पाहिजे. आणि मूल्यमापन म्हणजे आधी माप सांगायचं, मग दोन्ही बाजूंचा पुरावा, मग स्वतःचा निकाल. माप बदललं की निकालही बदलतो. गर्दीऐवजी ज्यांची जमीन गेली त्यांचं काय झालं हे माप धरलं, तर शेतकऱ्यांचं 1984 चं जासईचं आंदोलन आणि त्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणाऱ्या योजनेशिवाय उत्तर पुरंच होत नाही. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “म्हणजे मॅडम, माझं उत्तर वेगळं असलं तरी मार्क मिळतील?” काय सांगू त्याला? माझ्याकडे पेपर आला तर मिळतील, नाहीतर ‘मुद्दे कमी’.

पेपर सेट करणाऱ्यांना एकच विनंती आहे, आधी उत्तरसूची लिहा, मग प्रश्नातलं क्रियापद बोटाने झाका आणि नुसती सूची वाचून ते ओळखता येतंय का बघा. नाही आलं, तर एकतर क्रियापद बदला नाहीतर सूची. त्या प्रश्नाला दोन मार्क मापाला, पाच पुराव्याला, तीन सकारण निकालाला ठेवले असते तर ती पोरगी कुठल्या कुठे गेली असती. आणि पोरांना हे जूनमध्येच सांगा हो, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही.

तिचे चाराचे सात करून घेतले मी, पाऊण तास भांडून. बाकीच्या गठ्ठ्यांत अशा किती असतील कोण जाणे. आणि आज सकाळी ग्रुपवर पुढच्या पेपरचा ड्राफ्ट आलाय, प्रश्न तिसरा, दहा मार्क, ‘सविस्तर विशद करा’. उत्तरसूची अजून तयारच नाहीये म्हणे.