कॉलऱ्यात आधी पाणी, मग गोळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख वाचला, पण साखर-मिठाच्या पाण्याचं एवढं कौतुक पटलं नाही. जंतू पोटात ठाण मांडून बसलेले असताना पाणी पाजणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आतड्याचं अस्तरच झडून गेलं तर ते पाणी शोषणार कोण? माझ्या मावसभावाला ओआरएस पाजलं तर जुलाब उलट वाढले. आधी अँटिबायोटिक, बाकी सगळं नंतर. तुम्ही डॉक्टर असून हे कसं लिहिता?"

नमस्कार. मावसभावाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याकडे शेवटी येतो. सुरुवात अस्तरापासून करू, कारण तुमचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. आणि ही चूक तुमची एकट्याची नाही. एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे डॉक्टरही हेच मानत होते. शवविच्छेदनात त्यांना अस्तर सोललेलं दिसे. पण मृत्यूनंतर आतडं फार लवकर कुजतं, आणि ते पाहत होते ती ही कूज. १९५८-५९ मध्ये थायलंडमध्ये साथ आली तेव्हा अमेरिकन डॉक्टर यूजीन गँगारोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांच्या लहान आतड्यातून बारीक तुकडे काढून तपासले. अस्तर शाबूत निघालं. कॉलऱ्याचा जंतू पेशी मारत नाही, तो तिला कामाला लावतो.

कसं, ते बघा. जंतू अस्तराला नुसता चिकटतो आणि बाहेरूनच एक विष सोडतो. हे विषच खरा गुन्हेगार आहे, हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं. त्यांनी ज्या द्रवात जंतू वाढवले होते तो गाळून जंतू काढून टाकले आणि नुसता गाळलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला. जंतू नसतानाही तुकडा पाण्याने फुगला.

या विषाचे दोन भाग असतात. पाच तुकड्यांचं एक कडं पेशीच्या पृष्ठभागावरच्या जीएम-१ नावाच्या रेणूला घट्ट धरतं, आणि मग विषाचा दुसरा भाग पेशीच्या आत पोहोचतो. तिथे 'जी' प्रथिन नावाचं एक बटण असतं. एरवी ते चालू होतं आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. विष त्याच्यावर एक रासायनिक गाठ मारतं, त्यामुळे ते बंदच होत नाही. परिणामी पेशीत सीएएमपी नावाचा निरोप पोहोचवणारा रेणू साठत जातो, क्लोराइडचे दरवाजे सताड उघडतात, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागतं, आणि त्याच्या मागे सोडियम नि पाणी. त्याच वेळी मीठ आत घेण्याचा नेहमीचा रस्ताही मंदावतो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात ते यामुळे. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं.

आता अँटिबायोटिक. ते जंतू मारतं, पण पेशीत बसलेली गाठ सोडवू शकत नाही. बटण अडकलेली पेशी झडून तिच्या जागी नवी येईपर्यंत पाणी सुटतच राहतं, आणि अस्तर पूर्ण बदलायला तीन ते पाच दिवस लागतात. म्हणून डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकचा फायदा खरा असला (जुलाबांचं प्रमाण आणि काळ साधारण निम्म्यावर येतो), तरी तो दिसायला एखादा दिवस जातो. कॉलऱ्याचा रोगी काही तासांत जातो. शिवाय उलट्या चालू असताना दिलेली गोळी पोटात टिकेलच असं नाही. मी गोळी नाकारत नाही, रांगेत तिला दुसरा नंबर देतो.

एक रोगी डोळ्यांसमोर आणा. पन्नास किलोचा शेतमजूर, डोळे खोल गेलेले, आवाज बसलेला, पोटऱ्यांत पेटके, मनगटाची नाडी हाताला लागत नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर मागे जायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. याच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे पाच लिटर पाणी गेलेलं असतं. अशाला तोंडाने पाजत बसू नका. ही वेळ शिरेतून रिंगर लॅक्टेट या सलाईनची: पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर, पुढच्या अडीच तासांत साडेतीन. एका हाताने एवढा वेग येत नसेल तर दोन्ही हातांना सुई लावायची. नाडी परत आली, लघवी झाली, म्हणजे आपण बरोबर मार्गावर आहोत. मी सर्वांत जास्त पाहिलेली चूक म्हणजे पाच टक्के ग्लुकोजची बाटली लावणं. त्यात मीठच नसतं, आणि रोग्याने गमावलंय ते मीठ आणि पाणी दोन्ही. बाटली संपते, नाडी तशीच. रोगी गिळू लागला की लगेच ओआरएस सुरू, आणि जेवढे जुलाब होतील तेवढं भरत राहायचं. कॉलऱ्याच्या खाटेला मधे भोक आणि खाली बादली असते, ती यासाठीच. बादली मोजली की किती भरायचं ते कळतं.

तोंडावाटे दिलेलं पाणी आत जातं कसं? विष क्लोराइडचं दार उघडतं आणि मिठाचा एक रस्ता मंद करतं, पण ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत नेणाऱ्या वाहकाला हात लावत नाही. तिथे ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत येतात, आणि त्यांच्यामागे पाणी. साखर इथे ताकदीसाठी नसते, मिठाला आत न्यायला असते. माठ फुटकाच आहे, पण एका बाजूने गळतंय त्याहून वेगाने दुसऱ्या बाजूने भरतंय.

हे प्रयोगशाळेबाहेर टिकतं का, याचं उत्तर १९७१ मध्ये मिळालं. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालच्या बनगावात लोटले होते, रोगी जमिनीवर पडलेले, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. तिथले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांची पाकिटं करवून घेतली: एका लिटरला २२ ग्रॅम, साडेतीन ग्रॅम आणि अडीच ग्रॅम. पिंपात द्रावण कालवलं आणि पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांना दिलं. आठ आठवड्यांत सुमारे ३७०० रोग्यांवर उपचार झाले आणि मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के राहिलं. एरवी अशा छावण्यांत ते तीस टक्क्यांपर्यंत जात होतं. पाजणारे हात बायका-मुलांचे होते, हे मला आकड्यांपेक्षा जास्त सांगावंसं वाटतं.

आता मावसभाऊ. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, सुरुवातीला ते जास्तही दिसतात, कारण पोटात जास्त पाणी जातंय. त्याचं काम थांबवणं नाहीच, भरून काढणं आहे. बादलीकडे पाहून ओआरएस बंद केलं की रोगी हातचा जातो. नाडी, डोळे, लघवी, शुद्ध यांकडे पाहायला हवं.

पण आणखी एक शक्यता आहे. योग्य द्रावण रक्तापेक्षा थोडं पातळ असतं. लिटरचं पाकीट एका पेल्यात, साधारण दोनशे मिलीत विरघळवलं तर ते पाचपट दाट होतं आणि पाणी आत जायच्याऐवजी आतड्यात ओढलं जातं. घरी चव यावी म्हणून वर साखर टाकली तरी तेच होतं. बाजारात दोनशे मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, त्यामुळे घोटाळा सहज होतो. तेव्हा मला एवढंच कळवा: मावसभावासाठी आणलेल्या पाकिटावर किती पाणी लिहिलं होतं, आणि ते कशात कालवलं?