एका फॉरवर्डचे ऋण

“मामा, सरांनी मला अर्जाचा नवा नमुना पाठवला, त्याबद्दल त्यांना हा मेसेज लिहिला आहे. आई म्हणते आपल्यात इतके आभार मानत नाहीत. तू तिकडे राहतोस, तिथे काय करतात? जास्त झालंय का?”

भाचीने सोबत जोडलेला मसुदा असा होता: “आदरणीय सर, आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत तेच कळत नाही. आपण देवासारखे धावून आलात. आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून आपण जी मदत केलीत, ती मी आयुष्यभर विसरणार नाही. मी सदैव आपल्या ऋणात राहीन.” खाली जोडलेल्या हातांची तीन चिन्हे होती.

हो, जास्त झाले आहे. पण ते नेमके कुठे जास्त झाले आहे, हे पाहण्यासाठी आधी घटना पाहायला हवी. सर तिचे वरिष्ठ नाहीत. एका प्रशिक्षणात त्यांची एकदा भेट झाली होती, तेवढीच ओळख. त्यांच्या फोनमध्ये ती फाइल होतीच, तिने विचारल्यावर त्यांनी ती पुढे पाठवली. त्यांचा फार तर एक मिनिट गेला. मात्र ती जुन्याच नमुन्यावर अर्ज भरत बसली होती आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. म्हणजे देणाऱ्याला ज्याची काहीच तोशीस पडली नाही, त्या गोष्टीने घेणारीचा अर्ज वाचवला. या दोन मापांची गल्लत झाली की असा मसुदा जन्माला येतो. आपल्याला झालेला फायदा मोठा असतो, म्हणून आपण देणाऱ्याचे कष्ट मोठे करून सांगतो. “अमूल्य वेळातून वेळ काढून” हे वाक्य वाचताना सरांनाच ठाऊक असणार की असा वेळ काही काढावा लागला नव्हता.

तिच्या आईचे, म्हणजे माझ्या ताईचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. महादेव आपटे यांनी 1974 साली दक्षिण आशियाई भाषांतल्या आभाराच्या शब्दांवर एक निबंध लिहिला. घरात आणि जवळच्या माणसांत आपण तोंडाने आभार मानत नाही, मानले तर ते परकेपणाचे वाटते, हे त्यात मराठीच्याही संदर्भात आले आहे. आजही ताईला पाण्याच्या पेल्याबद्दल मी सवयीने “थँक्यू” म्हणालो की ती माझ्याकडे पाहुण्याकडे पाहावे तशी पाहते. पण सर घरातले नाहीत. आपल्याकडे हा वाद नेहमी “आपण” आणि “ते” असा रंगतो. खरा फरक माणूस किती जवळचा आहे, यात असतो. आणि “ते” तरी कुठे सारखे आभार मानतात? 2018 साली आठ भाषांमधल्या रोजच्या अनौपचारिक बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एखाद्याने मागितलेली छोटी गोष्ट करून दिल्यावर आभाराचे शब्द सरासरी वीस वेळांत जेमतेम एकदा उच्चारले गेले होते. इंग्रजी आणि इटालियनमध्ये हे प्रमाण जास्त होते, तरीही सातांत एकदाच्या आसपासच. मराठी त्या आठांत नव्हती.

इंग्रजी बोलणाऱ्या देशात सोळा वर्षे काढल्यावर मला जाणवले ते वेगळेच. इथले “थँक्यू” वारंवार येते, पण ते हलके असते. ते ऐकून कोणी थांबत नाही. आपण तो शब्द कमी वेळा काढतो, म्हणून काढला की त्याला वजन हवे असे वाटते आणि मग देव, आयुष्य, ऋण असे सगळेच एकदम बाहेर येते. सुरुवातीच्या काळात, एक तक्ता दाखवल्याबद्दल मी कार्यालयातल्या एका सहकारी बाईंना असेच लांबलचक पत्र लिहिले होते. त्यांनी दोन दिवस उत्तर दिले नाही. पुढे ओळख वाढल्यावर त्या म्हणाल्या, “मला वाटले, तुम्हाला आता काहीतरी मोठे मागायचे आहे.” मला मागायचे काहीच नव्हते, मी फक्त सभ्य होतो.

ऋणाचा उल्लेख केला की समोरच्याला ते नाकारावे लागते. “अहो, त्यात काय एवढे” हे लिहिण्याचे काम ज्याने उपकार केला त्याच्याच गळ्यात पडते. शिवाय उद्या याच मुलीसाठी कोणी रात्रभर जागले, तर तिच्यापाशी त्याच्यासाठी कोणते शब्द उरणार आहेत? मसुदा पाठवण्याआधी मी तरी एवढेच करून पाहतो: जी वाक्ये कोणत्याही उपकाराला, कोणत्याही माणसाला चालतील, ती खोडतो. भाचीच्या मसुद्याला हे केले तेव्हा “सर” हा एकच शब्द शिल्लक राहिला. त्यात अर्ज नव्हता, नमुना नव्हता, तारीखही नव्हती.

मग आम्ही दोघांनी फोनवरच तो पुन्हा लिहिला. देव आणि आयुष्य गेले, सरांचा वेळ गेला, ऋण गेले, त्यांच्या जागी घडलेली गोष्ट आली: “सर, नमुना मिळाला, धन्यवाद. मी जुन्यावरच भरत होते, त्यामुळे उद्या अर्ज परत आला असता. आता नव्यावर भरून सकाळी देते.” हातांचे एक चिन्ह तिने हट्टाने ठेवले, मीही सोडून दिले.

या फोनमध्ये मध्येच भावोजी शिरले. त्यांना वाटले, सरांना काही भेट द्यावी का, असा प्रश्न आहे. त्यांनी कुणाला तरी एकदा पुस्तक दिले होते आणि पुढे त्या गृहस्थांनी भेटणेच टाळले, हे त्यांनी सविस्तर सांगितले. प्रश्न तो नव्हता, पण उदाहरण अगदीच वाया गेले नाही.

ताईचा नवा आक्षेप मात्र मला पुरता खोडता आला नाही. तिच्या मते साठीच्या माणसाला इतका कोरडा मजकूर उद्धट वाटेल. पत्रातले “मी आपली अत्यंत आभारी आहे” हे ठरीव वाक्य कोणी तोलून पाहत नाही, ते खुशाल घालावे, असे मी म्हणालो. पण पिढीचा प्रश्न तेवढ्याने सुटतो असे नाही. कपात जास्त होऊ शकते, हेही खरे. नुसता अंगठा पाठवला असता तर नमुना उपयोगी पडला की नाही, हे सरांना कळलेच नसते. आभारपत्रांवरच्या एका प्रयोगात, तोही 2018 चाच, असे दिसले की पत्र मिळणाऱ्याला किती अवघडल्यासारखे होईल याचा अंदाज लिहिणारे वाजवीपेक्षा जास्त बांधतात आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा कमी. ती पत्रे आयुष्यात खरोखर काही केलेल्या माणसांना लिहिलेली होती, पुढे पाठवलेल्या फाइलबद्दल नव्हती. तरी संकोचापायी आभारच गाळू नयेत, एवढे त्यातून घेता येते.

भाचीने तीन वाक्यांचाच मेसेज पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आले: “ठीक. शेवटच्या पानावर सही राहते बऱ्याच जणांची, ती पाहा.” तिची राहिलीच होती.