आईचा गुडघा आणि माझी टाच

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिची एकच अट होती, खोली स्वतंत्र हवी. शेजारची बाई घोरली तर? पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा होती एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. आम्ही साडेसात हजारांची घेतली. वरचे अडीच हजार खिशातून भरू म्हटलं. किती हा भाबडेपणा!

बिल झालं तीन लाख. कंपनीने दोन लाख दिले. खोली ऐपतीपेक्षा दीडपट, म्हणून सगळं बिल दीडने भागलं. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर यांना कात्री लागणं एक वेळ समजू शकतो. महागड्या खोलीत त्यांचे दरही चढतात. पण गुडघ्याचं इम्प्लांट? साध्या खोलीत काय लाकडी बसवतात?

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात. कपात नियमानुसार आहे.’ नियम कुठला, ते नव्हतं. तो बायकोला सापडला, आमच्याच पॉलिसीच्या पुस्तिकेत, मुंगीच्या अक्षरांत: औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी प्रमाणात कपात करायची नाही. इम्प्लांट एक लाख दहा हजारांचं, औषधं-तपासण्या चाळीस हजारांच्या. दीड लाखाचा तिसरा हिस्सा, पन्नास हजार, कंपनीने फुकट कापले होते.

मग विमा लोकपाल. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर तोंडच उघडलं नाही, की वर्षाच्या आत तिथे जाता येतं. फी शून्य. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात नेलेलं नसावं. आमचा वकील भाचा कोट इस्त्री करून तयार होता. इथे वकील चालत नाही कळल्यावर तो आठवडाभर आमच्याकडे जेवायला आला नाही.

ठाण्याचं कार्यालय ‘जीवन चिंतामणी’ इमारतीत आहे. नावातला ‘मणी’ कुणाला मिळतो ठाऊक नाही, पहिला भाग मी घरून घेऊनच गेलो होतो. सुनावणीला कंपनीचा एक घामेजलेला मुलगा आला होता. मी भाषण पाठ केलं होतं, ‘सामान्य माणसाची पिळवणूक’ वगैरे. लोकपालांनी ते दुसऱ्याच वाक्याला थांबवलं आणि बिलाचे तुकडे मागितले. खोली आणि डॉक्टरांवरची पन्नास हजारांची कपात बरोबर, बाकीचे पन्नास चूक. मुलाला विचारलं, “इम्प्लांट कुठल्या कलमाखाली कापलंत?” तो म्हणाला, “सिस्टीमनेच कापलं, सर.”

निवाडा आमच्या बाजूने लागला, तीस दिवसांच्या आत पैसे जमा करायचे. ते झाले त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, “दुसऱ्या गुडघ्याला मात्र पाच हजारांतलीच खोली.”

“चालेल,” आई म्हणाली. “गेल्या वेळी चार दिवस बोलायला कुणी नव्हतं रे.”