रिस्टोअर म्हणजे शिफ्टच्या आधीची किंमत नव्हे

“रिस्टोअरिंग डिव्हिजनमध्ये वजाबाकी ऋण आली की A रजिस्टरमध्ये शिफ्टच्या आधीची किंमत परत ठेवायची, Q चा शेवटचा बिट 0, आणि पुढे जायचं. बरोबर ना?”

नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये हेच लिहिलंय. अक्षर सुरेख, म्हणून विश्वास बसतो. ऋण उत्तरानंतर फक्त वजाबाकी रद्द होते, म्हणजे A मध्ये M परत मिळवायचा. शिफ्ट झालेला तसाच राहतो.

११ भागिले ३ करू. Q मध्ये भाज्य `1011`, M मध्ये भाजक `00011`, A शून्य. A ला चिन्हासाठी एक बिट जास्त. प्रत्येक फेरीत A आणि Q मिळून एक बिट डावीकडे शिफ्ट होतात, मग A मधून M वजा होतो; उत्तर ऋण नसेल तर तेच A मध्ये राहतं आणि Q चा शेवटचा बिट 1 होतो. प्रत्येक फेरीअखेरची स्थिती अशी:

```
फेरी  शिफ्टनंतर A   A-M     A      Q
 1     00001      11110  00001  0110
 2     00010      11111  00010  1100
 3     00101      00010  00010  1001
 4     00101      00010  00010  0011
```

भागाकार Q मध्ये ३, बाकी A मध्ये २.

आता पहिली फेरी पाहा. शिफ्टमुळे Q चा डावीकडचा 1 A मध्ये आला, आणि Q मधून तो गेला. नोट्सप्रमाणे A पुन्हा `00000` केला, तर तो 1 कुठेच उरत नाही. ११ मधले ८ हरवले! तसंच पुढे चाललात तर चारही फेऱ्यांत वजाबाकी ऋण येते आणि शेवटी भागाकार ०, बाकीही ०. पडताळा घेतला की चूक लगेच दिसते: ३ × ० + ० म्हणजे ११ नव्हे.

हार्डवेअरमध्ये मात्र A ची जुनी प्रत ठेवून बेरीज वाचवता येते. ती प्रत शिफ्टनंतरची, वजाबाकीच्या आधीची हवी. बहुधा नोट्सवाल्याचा घोळ इथेच झाला.