प्रमोशन स्वतःच घ्या, एचआरची वाट कशाला बघायची

बायोडाटा लिहायला बसलात ना, मग पहिलं काम हे करा की कंपनीने दिलेलं पद खोडून टाका. एवढी वर्षं घासलीत आणि लेटरवर काय, तर 'सीनियर एक्झिक्युटिव्ह – स्टोअर्स'. हे वाचून रिक्रूटरला वाटणार, हा रजिस्टरमध्ये नोंदी करतो आणि चहा आला की उठतो. त्यापेक्षा सरळ 'मॅनेजर – सप्लाय चेन' लिहा, बघायला कोण येतंय.

आणि तुमची तक्रार खोटी आहे असं मी म्हणतच नाही. समजा चाकणचा एखादा ऑटो पार्ट्सचा कारखाना आहे, तिथल्या या सीनियर एक्झिक्युटिव्हच्या डोक्यावर अख्खं स्टोअर असतं, दोन शिफ्ट, 11 माणसं, त्यातली 8 कंत्राटी, पाच-सहा कोटींचा माल, माल आत आला की जीआरएनवर सही त्याची, आणि ऑडिटर मोजणीला आला नि रॅकवरचा माल सिस्टिममधल्या आकड्याशी जुळला नाही की बोलणी खाणाराही तोच. शेजारच्या कंपनीत हेच काम करणाऱ्याला 'स्टोअर्स इनचार्ज' म्हणतात. मग आपण एकदम दोन पायऱ्या वर चढलो तर काय बिघडलं?

काही मुळमुळीत लोक मात्र असलं करत नाहीत. ते बसून आठ-दहा जाहिराती वाचतात, पदाचं नाव झाकून फक्त कामाची यादी बघतात, आणि आपण रोज करतो ते काम कुठल्या नावाखाली जास्त वेळा सापडतं ते शोधतात. मग बायोडाटात लेटरवरचंच पद जसंच्या तसं लिहितात आणि त्याच्या पुढे कंसात 'बाजारातलं जवळचं पद: स्टोअर्स इनचार्ज'. खाली दोन ओळी: 'थेट प्लांट हेडला रिपोर्टिंग. दोन शिफ्ट, 11 जण, सुमारे साडेपाच कोटींचा स्टॉक, 25 हजारांपर्यंतची तातडीची खरेदी स्वतःच्या सहीने.' बस, एवढंच. किती रुक्ष! रिक्रूटरला अर्ध्या मिनिटात कळतं की माणूस कुठल्या लेव्हलचा आहे, यात मजा काय राहिली?

त्यातही हे लोक इतके चिकट की सरळ 'इनचार्ज'च का, 'मॅनेजर' का नाही, याचंही उत्तर तयार ठेवतात. शिफ्ट लावतो मी, रजा मंजूर करतो मी, पण अप्रेजल भरतात प्लांट हेड, माणूस घ्यायचा की काढायचा तेही तेच ठरवतात आणि वर्षाचं बजेट मी कधी पाहिलेलंही नाही, म्हणून मॅनेजर म्हणवत नाही, असं म्हणे! काम कितीही असो, सही कुठपर्यंत चालते त्यावरून लेव्हल ठरवायची, अशी यांची अजब समजूत.

तुम्ही असल्या फंदात पडू नका. मुलाखतीत समोरच्याने सहज विचारलं की 'मॅनेजर होतात ना, मग टीमचं अप्रेजल कसं करायचात, मागच्या वर्षी बजेट किती होतं?' तर छताकडे बघा, पंखा बघा, 'ते कॉन्फिडेन्शियल आहे' म्हणा. पुढचा प्रश्न येत नाही. बहुतेक पुढचा कॉलही येत नाही.

जॉब साइटवरही तेच. हे लोक 'करंट डेझिग्नेशन'च्या रकान्यात लेटरवरचं पद टाकतात आणि हेडलाइनमध्ये 'स्टोअर्स इनचार्ज लेव्हलचं काम, ऑटो पार्ट्स' असं लिहितात, म्हणजे रिक्रूटरने शोधलं की नाव वर येतं आणि खोटंही काही बोललेलं नसतं. एवढी कसरत कोण करणार? तुम्ही दोन्हीकडे 'मॅनेजर' ठोकून द्या.

राहता राहिलं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. पीएफच्या नोंदीत नोकरीच्या तारखा दिसतात, पद दिसत नाही, त्यामुळे निर्धास्त राहा. व्हेरिफिकेशनवाले फार तर रिलीव्हिंग लेटर मागतील आणि जुन्या एचआरला एक मेल टाकतील. तिकडून ती एचआरची मुलगी, जिला तुमच्या दोन शिफ्टशी काही देणंघेणं नाही, सिस्टिम उघडून जे दिसतं ते टाइप करून पाठवेल: सीनियर एक्झिक्युटिव्ह. रिपोर्टमध्ये पदासमोर लाल रंगात 'तफावत' येईल. कंसात लिहिणाऱ्या त्या मुळमुळीत माणसाच्या रिपोर्टमध्ये दोन्हीकडे एकच नाव, त्यामुळे कुणी काही बोलतसुद्धा नाही, बिचारा.

हा रिपोर्ट बऱ्याचदा ऑफर लेटरनंतर येतो, कधीकधी जॉइन झाल्यावरही. तोवर तुम्ही नोटीस पीरियड संपवून पेढे वाटलेले असतात, आणि जुन्या स्टोअरमध्ये तुमच्या खुर्चीवर नवा सीनियर एक्झिक्युटिव्ह बसून जीआरएनवर सह्या करत असतो.