आभाराचं भाषण : रेस डायरेक्टरसाहेबांसाठी चार सूचना

शर्यत आटोपली, पदकं वाटून झाली. आता तुम्हाला स्टेजवर चढून स्वयंसेवकांचे आणि वाटेत पाणी-खाणं देणाऱ्या एड स्टेशनवाल्यांचे आभार मानायचे आहेत. घाबरू नका. थोडी तयारी केली तर कोणाचेही आभार न मानता वीस मिनिटं सहज बोलता येतं.

सुरुवात प्रायोजकांपासून करा. मग आमदारसाहेब, मग ज्यांनी कमान उभारली ते मंडपवाले. स्वयंसेवकांकडे वळेपर्यंत निम्मे स्वयंसेवक शेवटची एस्टी गाठायला निघून गेलेले असावेत, हे उत्तम. उरलेल्यांना "आमचा कणा" म्हणा. कणा पाठीमागे असतो, दिसत नाही, त्यामुळे नाव घ्यायची गरज पडत नाही.

तपशिलात तर अजिबात शिरू नका. खिंडीतल्या एड स्टेशनचंच घ्या. तिथवर गाडी जात नाही. दोनशे धावपटू, प्रत्येकाला बाटल्या भरायला सरासरी एक लिटर, म्हणजे दोनशे लिटर पाणी. वीस लिटरचे दहा जार, प्रत्येक जार वीस किलोचा, आणि हे सगळं पहाटे अंधारात डोक्यावरून वर गेलं. ज्या गावकऱ्यांनी ते नेलं त्यांची संख्या आणि आडनावं तुम्हाला ठाऊक असतील, तर ती विसरा. "पाण्याची चोख व्यवस्था होती" एवढं पुरे. व्यवस्था आपोआप होते, असं ऐकणाऱ्यांना वाटलं पाहिजे.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे वही. हो, तीच शंभर पानी वही, जिच्यात तिसऱ्या स्टेशनवरची मुलगी प्रत्येक धावपटूच्या छातीवरचा बिब क्रमांक आणि आल्या-गेल्याची वेळ पेनाने लिहीत होती. तुमची चिप, तुमचं लाइव्ह ट्रॅकिंग दरीत शिरताच गप्प झालं होतं, हे स्टेजवरून बोलायची गोष्ट नाही. दुपारी सर्वांच्या मागून चालणारे स्वीपर तिच्याकडे पोचले. तिने यादीवर बोट फिरवलं, तर १४७ समोरची जागा रिकामी. तिने दुसऱ्या स्टेशनला वॉकीटॉकीवर विचारलं. १४७ तिथून अकरा दहाला निघाल्याची नोंद होती, माघार घेतल्याची नव्हती, बिबही त्याने जमा केलेला नव्हता. स्वीपरना वाटेत तो दिसला नव्हता. आता माणूस वाटेवर असता तर स्वीपर त्याला गाठून आले असते, आणि पुढे गेला असता तर वहीत असता. म्हणजे तो वाट सोडून कुठेतरी गेला होता, आणि तेही या दोन स्टेशनांच्या मधेच.

मधे वाट फुटण्याची जागा एकच होती. तिथली खुणेची फीत कोणा गुराने ओढली असावी किंवा पोरांनी सोडवली असावी. गावातली दोन मुलं त्या चुकीच्या वाटेने खाली उतरली आणि तासाभरात १४७ धनगरवाड्यावर ताक पिताना सापडला, घोटा सुजलेला. ती वही नसती तर तो हरवल्याचं संध्याकाळी त्याच्या बायकोच्या फोनवरून कळलं असतं, आणि अख्ख्या मार्गावर टॉर्च घेऊन फिरावं लागलं असतं. एवढं सगळं भाषणात सांगितलंत, तर लोक विचारतील की त्या फाट्यावर माणूस का उभा केला नव्हता. तेव्हा फक्त म्हणा, "एकही अनुचित प्रकार घडला नाही."

मिठाचे उकडलेले बटाटे वाटणाऱ्या काकूंचाही उल्लेख टाळा. एक धावपटू बोटं फुगलेली, बोलणं असंबद्ध अशा अवस्थेत त्यांच्याकडे आला आणि आणखी पाणी मागू लागला. काकूंनी त्याला विचारलं, आतापर्यंत किती प्यायलास? नुसतंच पाणी ढोसून रक्तातलं सोडियम खाली गेलं की असंच होतं, आणि वरून तहानेने गळल्यासारखंच दिसतं. त्यांनी बाटली बाजूला ठेवली, त्याला सावलीत बसवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. काकूंना प्रशिक्षण तुम्हीच दिलं होतं, हे मात्र जरूर सांगा. दिलं नसलं तरी सांगा.

भेटवस्तू म्हणून उरलेले टी-शर्ट वाटा. उरतात ते नेहमी डबल एक्सेल, त्यामुळे निवडीचा वाद होत नाही. प्रमाणपत्रावर नावाची जागा कोरी ठेवा, ज्याने त्याने लिहून घ्यावं. धावपटूंना मात्र टाळ्या वाजवायला सांगा, आणि टाळ्यांचा फोटो आधी काढून ठेवा.

भाषणाच्या शेवटी आवाज जरा दाटून येऊ द्या आणि त्याच श्वासात विचारा, उद्या सकाळी मार्गावरच्या फिती आणि रिकामे जार उतरवायला कोण कोण येतंय? हात वर होतील. ते मोजत बसू नका, ड्रायव्हर खोळंबलाय.